दोन आलेख आणि एक उभी पट्टी: f(x) > g(x) उंची पाहून कसे सोडवायचे

4/x > x − 3 ही असमता सोडवायला दिली की बहुतेक नवशिके पहिल्याच ओळीत दोन्ही बाजूंना x ने गुणतात. मग 4 > x² − 3x मिळते. सगळे एका बाजूला नेले की x² − 3x − 4 < 0, अवयव पाडले की (x − 4)(x + 1) < 0, आणि उत्तर येते −1 < x < 4. पायऱ्या स्वच्छ दिसतात, पण उत्तर चुकलेले असते. x = −2 ठेवून पाहा. डावी बाजू −2 येते, उजवी −5. −2 ही −5 पेक्षा मोठी, म्हणजे असमता खरी आहे, तरी −2 या उत्तरात नाही. उलट −0.5 उत्तरात आहे आणि तिथे डावी बाजू −8, उजवी −3.5, म्हणजे असमता सपशेल खोटी.

चूक कुठे झाली हे सांगता येते: x ऋण असेल तर गुणताना चिन्ह उलटायला हवे होते. पण x धन की ऋण हे आपल्याला आधी ठाऊक नसते, म्हणून दोन प्रकरणे करावी लागतात आणि तिथे गोंधळ वाढतो. मी शिकवताना हे उदाहरण नेहमी चित्राने सुरू करतो. चित्रात गुणाकार नाही, चिन्ह उलटण्याची भीती नाही. फक्त एकच प्रश्न उरतो: या जागी कोणता आलेख वर आहे?

आधी प्रश्न नीट वाचा

f(x) > g(x) याचा चित्रातला अर्थ असा. x-अक्षावर एक जागा निवडा आणि तिथे मोजपट्टी उभी धरा. पट्टी f चा आलेख एका बिंदूत कापते आणि g चा आलेख दुसऱ्या बिंदूत. f चा बिंदू वर असेल तर ती x उत्तरात आहे, खाली असेल तर नाही. आता पट्टी उभीच ठेवून डावीकडून उजवीकडे सरकवत न्या आणि प्रत्येक जागी हाच प्रश्न विचारा. पद्धत एवढीच आहे. पुढे जे काही येते ते ही पट्टी अगणित जागी न धरता मोजक्याच जागी धरून कसे भागते, याबद्दल आहे.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो, म्हणून जरा थांबतो.

पहिले म्हणजे ‘उंच’ या शब्दाचा अर्थ. उंच म्हणजे x-अक्षापासून लांब असे मुळीच नाही. अक्षाच्या खाली गेल्यावर −2 ची उंची −5 पेक्षा जास्त आहे, कारण −2 चा बिंदू कागदावर वरच्या बाजूला पडतो. विहिरीत दोन फुटांवर असलेली पायरी पाच फुटांवरच्या पायरीच्या वरच असते, तसे. तसेच एखादा आलेख चढत चालला आहे म्हणून तो वर आहे असे समजू नका. चढता आलेख खूप खाली असू शकतो आणि उतरता आलेख त्याच्या कितीतरी वर.

दुसरे म्हणजे उत्तर कुठे वाचायचे. आलेख वर-खाली असतात, पण आपल्याला हव्या आहेत x च्या किमती, आणि त्या आडव्या अक्षावर असतात. छेदनबिंदू (4, 1) मिळाला की कित्येक जण उत्तरात 1 लिहून मोकळे होतात. 1 ही त्या जागेची उंची आहे, उत्तराला लागतो तो 4. मी विद्यार्थ्यांना रंगीत पेन्सिल घ्यायला सांगतो: जिथे f वर आहे, तिथे खाली x-अक्षावरचाच भाग रंगवा, आलेखाचा नको. शेवटी रंगलेला अक्ष म्हणजे उत्तर.

वर-खाली कुठे बदलू शकते?

पट्टी सरकवताना आत्ता f वर आहे आणि थोड्या वेळाने g वर आला, तर मधे काय घडले असेल? दोन्ही आलेख हात न उचलता काढता येण्यासारखे, म्हणजे अखंड असतील, तर एकच शक्यता आहे: मधे कुठेतरी ते एकमेकांना भेटले. न भेटता एक दुसऱ्याच्या खाली जाऊच शकत नाही. डोळ्यांना हे उघड वाटते, पण त्याची रीतसर सिद्धता बर्नार्ड बोल्झानो यांनी 1817 मध्ये दिली, आणि आपली पद्धत त्याच विधानावर उभी आहे.

दुसरी शक्यता फक्त एवढीच की दोघांपैकी एक आलेख तुटलेला आहे. 4/x चा आलेख x = 0 ला तुटतो. तिथे तो डावीकडून पार खाली जातो आणि उजवीकडे पार वरून पुन्हा सुरू होतो. अशा तुटीवर दोन आलेख न भेटताही जागा बदलू शकतात.

म्हणजे वर-खाली बदलण्याच्या जागा दोनच प्रकारच्या: जिथे आलेख भेटतात त्या, आणि जिथे एखादा आलेख तुटतो, सुरू होतो किंवा संपतो त्या. या जागा x-अक्षावर खुणा करून घेतल्या की अक्षाचे मोजके तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यात एकदाच पट्टी धरली की पुरे, कारण त्या तुकड्यात निकाल बदलत नाही. गुणाकाराच्या मार्गाने चुकणारा विद्यार्थी नेमका हाच दुसरा प्रकार विसरलेला असतो.

याचा फायदा असा की आलेख हुबेहूब काढण्याची गरज उरत नाही. कच्चे चित्र चालते. y-अक्षाचे प्रमाण दाबले किंवा ताणले तरी चालते, कारण दोन्ही आलेख एकाच अक्षांवर असतील तर ताणल्याने वरचा खाली येत नाही. चित्राने एवढेच सांगायला हवे की भेटी किती आणि साधारण कुठे. भेटीची नेमकी जागा समीकरणातून काढायची.

4/x > x − 3, पायरी पायरीने

सर्वांत आधी, आलेख काढण्याच्याही आधी, दोन्ही फलने कुठे अस्तित्वात आहेत ते लिहून ठेवा. x − 3 सगळीकडे आहे. 4/x ला x = 0 चालत नाही. अक्षावर 0 ला पोकळ वर्तुळ काढा आणि तिथे एक तुटक उभी रेघ मारा. ही रेघ आत्ताच मारायची, नंतर आठवत नाही.

आता 4/x काढा. उजवीकडच्या शाखेसाठी (1, 4), (2, 2), (4, 1) हे तीन बिंदू पुरतात. 0 च्या जवळ जाताना शाखा वर निघून जाते आणि उजवीकडे लांब जाताना अक्षाला टेकल्यासारखी होते, पण टेकत नाही. डावीकडे तेच उलटे: (−1, −4), (−2, −2), (−4, −1). इथे लांब डावीकडे शाखा अक्षाच्या किंचित खाली असते आणि 0 कडे येताना खोल जाते.

त्याच अक्षांवर y = x − 3 ही रेषा. (0, −3) आणि (3, 0) जोडा आणि दोन्ही बाजूंना भरपूर लांब वाढवा. रेषा आखूड काढणे ही इथली नेहमीची चूक. मधेच थांबलेली रेषा खाली डावीकडची भेट दाखवतच नाही, आणि मग अर्धे उत्तर हरवते.

चित्रात दोन भेटी दिसतात, एक उजव्या शाखेवर आणि एक डाव्या. नेमक्या जागेसाठी बरोबरीचे समीकरण सोडवा: 4/x = x − 3. इथे x ने गुणायला हरकत नाही, कारण बरोबरीत उलटायला चिन्हच नसते, आणि x शून्य नाही हे आपण आधीच लिहून ठेवले आहे. x² − 3x − 4 = 0, म्हणून x = 4 किंवा x = −1. पडताळा घ्या: 4 ला दोन्ही बाजू 1, −1 ला दोन्ही बाजू −4. चित्रात दोन भेटी, समीकरणात दोन उत्तरे. हा मेळ बसला नाही तर पुढे जाऊ नका.

अक्षावर आता −1, 0 आणि 4 अशा तीन खुणा आहेत आणि चार तुकडे. डावीकडून सुरुवात करू.

−1 च्या डावीकडे रेषा झपाट्याने खाली जाते, वक्र मात्र अक्षाजवळच राहतो. x = −2 ला −2 आणि −5. वक्र वर, म्हणून हा तुकडा रंगवा.

−1 आणि 0 यांच्यामध्ये वक्र खोल बुडतो, रेषा मात्र −3 ते −4 च्या उंचीवर आहे. x = −0.5 ला −8 आणि −3.5. वक्र खाली. रंगवायचे नाही.

0 ओलांडताच वक्र एकदम आकाशात असतो. x = 1 ला 4 आणि −2. वक्र वर, रंगवा. ही अदलाबदल भेटीशिवाय झाली हे इथे डोळ्यांनी पाहून घ्या, कारण संपूर्ण उदाहरणाचा जीव याच जागेत आहे.

4 च्या उजवीकडे रेषा चढत जाते, वक्र आडवा पडतो. x = 8 ला 0.5 आणि 5. वक्र खाली.

उत्तर: x < −1 किंवा 0 < x < 4. टोकांचा हिशेब शेवटी करायचा. −1 आणि 4 ला दोन्ही सारखे आहेत आणि आपल्याला ‘मोठे’ हवे आहे, म्हणून ती टोके बाहेर. प्रश्नात ≥ असते तर ती दोन्ही आत आली असती. 0 मात्र ≥ असले तरी कधीच आत येत नाही, कारण तिथे डावी बाजूच नाही.

गुणून आलेले −1 < x < 4 आता या चित्राशेजारी ठेवून पाहा. 0 च्या उजवीकडे ते बरोबर आहे आणि 0 च्या डावीकडे नेमके उलटे. ऋण x ला चिन्ह न उलटल्याची खूण चित्रात अशी लख्ख दिसते.

वर्गमूळ आले की

√(x + 3) > x + 1 घेऊ. इथे दोन्ही बाजूंचा वर्ग करण्याचा मोह होतो. केला तर x + 3 > x² + 2x + 1, म्हणजे x² + x − 2 < 0, म्हणजे −2 < x < 1. पुन्हा एकदा नीटनेटके आणि चुकीचे.

चित्र काढा. वर्गमूळाचा आलेख x = −3 ला सुरू होतो, त्याच्या डावीकडे काहीच नाही. (−3, 0), (−2, 1), (1, 2), (6, 3) हे बिंदू सोपे आहेत. आलेख कायम अक्षावर किंवा अक्षाच्या वर राहतो आणि हळूहळू चढतो. रेषा y = x + 1 ही (−1, 0) मधून अक्ष ओलांडते, म्हणजे −1 च्या डावीकडे ती अक्षाखाली आहे. चित्रात भेट एकच दिसते, (1, 2) ला.

समीकरणाचा वर्ग करून सोडवले तर x = 1 आणि x = −2 अशी दोन उत्तरे येतात. चित्रात एक, समीकरणात दोन. मेळ बसत नाही, म्हणून थांबायचे. x = −2 ला वर्गमूळ 1 आहे आणि रेषा −1. ते भेटत नाहीत, पण 1 आणि −1 यांचे वर्ग सारखे, म्हणून वर्ग केल्यावर ही खोटी भेट आत शिरली. ती खरी भेट आहे खाली लटकणाऱ्या −√(x + 3) या आलेखाशी, आणि त्याबद्दल कुणी विचारलेच नव्हते. चित्राचा मोठा उपयोग मला इथे वाटतो: ते बीजगणिताच्या उत्तरांपैकी कोणते ठेवायचे आणि कोणते टाकायचे हे सांगते.

खुणा म्हणून −3 आणि 1 एवढ्याच. −3 ते 1 मध्ये x = 0 ला √3, म्हणजे सुमारे 1.73, आणि रेषा 1. वर्गमूळ वर. 1 नंतर x = 6 ला 3 आणि 7. वर्गमूळ खाली. −3 या टोकाला वर्गमूळ 0 आहे आणि रेषा −2, दोन्ही अस्तित्वात आहेत आणि 0 हे −2 पेक्षा मोठे, म्हणून −3 आत घ्यायचा. उत्तर: −3 ≤ x < 1. मघाशी 0 ही तूट होती, तिथे आलेखच नव्हता. −3 ही सुरुवात आहे, तिथे आलेखाचा बिंदू आहे. अशा टोकाला असमता प्रत्यक्ष तपासूनच आत-बाहेर ठरवायचे.

जाता जाता एक सूचना. भेट झाली म्हणजे अदलाबदल झालीच असे धरू नका. x² > 2x − 1 मध्ये रेषा वक्राला x = 1 ला फक्त स्पर्श करते आणि खालीच राहते. दोन्ही बाजूंना वक्रच वर, म्हणून उत्तर 1 सोडून सगळ्या संख्या. ‘रंगवा, सोडा, रंगवा’ अशी आळीपाळीने रंगवत जाण्याची सवय इथे फसवते. प्रत्येक तुकड्यात पट्टी धराच.

कच्चे चित्र कधी फसवते

2ˣ > x² हे उदाहरण मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. ते नेहमीच्या बीजगणिताने सुटत नाही, म्हणून आलेखच हाताशी उरतो, आणि आलेखही घाईने काढला तर चुकतो.

हाताने काढलेल्या चित्रात सहसा दोन भेटी दिसतात: एक y-अक्षाच्या डावीकडे, एक x = 2 ला, कारण तिथे दोन्ही 4. त्यानंतर x² वर जातो आणि कागद संपतो. मग उत्तरात 2 च्या पुढे काहीच येत नाही. पण आणखी तीन किमती ठेवा. x = 3 ला 8 आणि 9. x = 4 ला 16 आणि 16. x = 5 ला 32 आणि 25. म्हणजे 4 ला आणखी एक भेट आहे आणि त्यानंतर 2ˣ वर जातो तो कायमचा. 2 आणि 4 यांच्यामध्ये दोन आलेखांतले अंतर सुमारे 1 च्या वर जातच नाही आणि उंची असते 9–10 च्या आसपास, त्यामुळे पेन्सिलीच्या रेघेत ते एकमेकांना चिकटूनच दिसतात.

मग भेटी किती हे कसे ठरवायचे? आलेखांच्या आकारावरून. x ऋण असताना डावीकडून उजवीकडे 2ˣ सतत चढतो आणि x² सतत उतरतो. एक चढणारा आणि एक उतरणारा आलेख एकापेक्षा जास्त वेळा भेटू शकत नाहीत. x = 0 ला 1 आणि 0, भेट नाही. x धन असेल तर दोन्ही बाजू धन आहेत, म्हणून दोन्हींचा लॉगरिदम घेता येतो आणि वर-खाली तसेच राहते: x log 2 > 2 log x. डावीकडे आता सरळ रेषा आहे. उजवीकडचा log चा आलेख चढतो, पण त्याची चढण सतत मंदावते, तो एकाच बाजूला वाकत जातो. सरळ रेषा अशा आलेखाला जास्तीत जास्त दोनदा कापते, आणि 2 व 4 या दोन जागा आपल्याकडे आहेतच. तिसरी नाही.

राहिली ऋण बाजूची भेट. ती नेमकी लिहिता येत नाही, म्हणून किमती ठेवून तिला दोन्ही बाजूंनी घेरायचे. −1 ला 0.5 आणि 1, x² वर. −0.5 ला सुमारे 0.71 आणि 0.25, 2ˣ वर. म्हणजे भेट यांच्यामध्ये. −0.75 ला सुमारे 0.595 आणि 0.5625, 2ˣ वर. −0.8 ला सुमारे 0.574 आणि 0.64, x² वर. असेच आवळत गेले की −0.77 ला x² वर आणि −0.76 ला 2ˣ वर मिळते. या दोघांच्या दरम्यान असलेल्या भेटीच्या जागेला a म्हणा. तो सुमारे −0.767 आहे.

खुणा a, 2 आणि 4. a च्या डावीकडे x² वर, a ते 2 मध्ये 2ˣ वर, 2 ते 4 मध्ये x² वर, 4 च्या पुढे 2ˣ वर. उत्तर: a < x < 2 किंवा x > 4. उत्तरात a च्या जागी नुसते −0.767 लिहू नका, a ≈ −0.767 असे वेगळे लिहा. −0.767 ही तीन दशांश स्थळांपर्यंत घेतलेली संख्या खऱ्या भेटीच्या किंचित डावीकडे पडते आणि तिथे x² अजून वर असतो.